खलनायकाला हवंय काय?

नमस्कार श्रोतेहो. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला खलनायकाबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो असा का वागतो? मीही बरीच वर्षं याच प्रश्नाचं उत्तर शोधत लिहीत होतो. मग एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली. समासात पेन्सिलनं एकच ओळ होती : "कारण कळलं. पण याला हवंय काय?"

त्या कथेतला खलनायक होता तालुक्याच्या गावातला एक सराफ. त्याला आपण वसंतशेठ म्हणू. लहानपणी गावानं त्याचा अपमान केलेला, म्हणून मोठेपणी तो गावाला लुबाडतो, अशी माझी मांडणी होती. अपमानाचा प्रसंग मी चांगला चार पानं रंगवला होता. पण संपादकांचं खरं होतं. "का" हा प्रश्न मागं बघतो, "कशासाठी" पुढं बघतो, आणि कथा पुढं जायची असते. बालपणीच्या जखमेतून माणूस उद्या सकाळी उठून नेमकं काय करेल, हे काही ठरत नाही. तो चोरी करेल, संन्यास घेईल, नाहीतर निवडणूक लढवेल.

मी ती कथा पुन्हा लिहायला घेतली. ती कशी बदलली, तेवढंच आज सांगतो.

वसंतशेठ गावातल्या पतसंस्थेसाठी सोनं तपासतो. सोनेतारण कर्ज मागायला कुणी आलं, की दागिना त्याच्यापुढे येतो, तो तपासून चिठ्ठी देतो आणि त्या चिठ्ठीवर कर्ज मिळतं. दुकानावर वडिलांच्या, आप्पांच्या, नावाची पाटी आहे. आप्पांची चिठ्ठी म्हणजे गावात शेवटचा शब्द.

एक दिवस ओळखीचा माणूस बायकोच्या पाटल्या घेऊन येतो. वजन 40 ग्रॅम. वसंतशेठ कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो, आम्ल लावतो, रेघ टिकते. पण दगडावर उतरतो तो दागिन्याचा वरचा थरच. आत तांबं असेल आणि वर सोन्याचा जाड मुलामा असेल, तर कसोटी फसते. म्हणून सराफ शंका आली, की कानस लावून आतला धातू बघतो. इथं शंका यायला जागा होती, कारण 40 ग्रॅमच्या मानानं पाटल्या जाडजूड होत्या. पण पोकळ घडणीच्या असतील असं त्यानं धरलं. ओळखीच्या माणसासमोर त्याच्या बायकोच्या दागिन्याला कानस कशी लावायची? त्यानं चिठ्ठी दिली. 80 हजारांचं कर्ज झालं.

वर्ष सरतं, कर्ज थकतं, आणि आपल्याला फसवलं गेलंय हे त्याच्या कानावर येतं. आता लिलाव होणार, तिथं दुसरा सराफ कानस घेऊन बसणार. वसंतशेठला काय हवंय? पैसा नकोय. आप्पांच्या पाटीखालून खोटी चिठ्ठी गेली हे कुणाला कळू नये, एवढंच हवंय. हे एकदा ठरलं आणि पुढचं कथानक मला रचावं लागलं नाही. प्रत्येक वळणावर मी फक्त विचारत गेलो, हे हवं असलेला माणूस आता काय करील?

तो स्वतःच्या खिशातून व्याज भरतो आणि कर्जाचं नूतनीकरण करून घेतो. कर्जदार गाव सोडून गेलाय, म्हणून अर्जावर त्याची सही स्वतःच ठोकतो. पहिला गुन्हा एवढाच, आणि त्यात त्याचा पैशाचा तोटाच आहे. तीन वर्षं हे चालतं. मग पतसंस्थेतल्या मीनल नावाच्या कारकुनीला कळतं, की ज्या माणसानं मार्चमध्ये सही केली, तो आदल्या दिवाळीतच वारलाय.

तेवढ्यात त्या माणसाची विधवा पावती घेऊन हजर होते. मुलीचं लग्न काढलंय, कर्ज फेडून पाटल्या सोडवायच्या आहेत. नवऱ्यानं पाटल्या परस्पर बदलल्या होत्या, हे तिला माहीतच नाही.

लोभी खलनायक असता तर इथं पळाला असता. "हा पळून का जात नाही?" हा वाचकाचा प्रश्न पुष्कळ रहस्यकथांचा जीव घेतो. वसंतशेठ पळूच शकत नाही, पळाला की पाटी गेली. मग उरतो एकच मार्ग, तिजोरीतल्या खोट्या पाटल्या काढून तिथं खऱ्या ठेवायच्या. तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक व्यवस्थापकाकडे, एक रोखपालाकडे. पण मेणात छाप घेऊन धातू ओतणं हा तर त्याचा रोजचा धंदा. म्हणजे रात्री तिजोरी फोडून आत सोनं ठेवून येणारा चोर मला मिळाला. हे मला आधी सुचलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ते हेतूनं सुचवलं.

सोनं कुठून आणायचं? बायकोच्या पाटल्या वितळवून. आणि इथं त्याची गुप्तता त्याच्यावरच उलटते. पोकळ पाटली घडवायची तर कारागीर हवा, आणि कारागिराला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. म्हणून तो रात्रीतून एकट्यानं भरीव ओततो. वहीत वजन 40 ग्रॅम आहे, म्हणून तेवढंच ठेवतो. पण सोनं तांब्याच्या साधारण दुप्पट जड, त्यामुळे त्याच वजनाच्या पाटल्या जवळजवळ निम्म्या जाडीच्या होतात. वजनकाट्याला सगळं बरोबर. विधवा मात्र पाटल्या हातात फिरवून म्हणते, "ह्या माझ्या नाहीत. माझ्या जाड होत्या." खऱ्या सोन्याला ती खोटं म्हणतेय, आणि काउंटरपलीकडे मीनल ऐकतेय. दोन दिवसांनी मीनल दुकानासमोरून जाते, तेव्हा शेठाणींच्या मनगटांत नुसत्या काचेच्या बांगड्या दिसतात.

खून आहे, पण तो उशिरा. त्या रात्री पहारेकऱ्यानं त्याला पाहिलेलं असतं. वसंतशेठ आधी त्याची समजूत घालतो, मग पैसे देऊ करतो, मग हात जोडतो. पहारेकरी भला माणूस, तो म्हणतो, "शेठ, तुम्ही आत सोनंच ठेवलंत, मग सांगायला काय हरकत आहे?" नेमकं हेच त्याला परवडत नाही. जिन्यावर तो त्याला ढकलतो. पहिल्या खर्ड्यात खून नवव्या पानावर होता आणि वाचणाऱ्याला काहीच वाटत नव्हतं. आता आधीच्या तीनही पायऱ्या वाचकानं त्याच्याबरोबर उतरलेल्या असतात.

माझी एक तपासणी आहे. खलनायकाचा हेतू बदलून, त्याच्या जागी साधा लोभ घालून बघायचं. प्रसंग तसेच उभे राहिले, तर हेतू वरून चिकटवलेला आहे. इथं लोभ घातला, तर व्याज भरणं जातं, खरं सोनं जातं, विधवेचं वाक्यही जातं.

शेवटाशी मी पुन्हा घोटाळा केलाच. अडीच पानांचा कबुलीजबाब लिहिला, अगदी बालपणापासून. सगळा काढला. आता तिथं फौजदार फक्त ती पहिली चिठ्ठी पुढं सरकवतो. खाली एकच अक्षर आहे, "व." आप्पांचं नाव वामन, तेव्हा ते हयात होते, दुकानात बसत होते. फौजदारच वाट काढून देतो, "ही वडिलांची असेल, नाही का?" हो म्हटलं, तर सहीही गळ्यात येत नाही आणि तिजोरीशी त्याचा संबंधही उरत नाही.

वसंतशेठ चष्मा पुसतो आणि म्हणतो, "सही माझी आहे."