जमिनीखालून वर चढणारं मीठ मोजताना

शिरोळ, मिरज भागातल्या काळ्या जमिनीत उसाखाली भूजल वर आलं की मीठ कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती येतं हे मोजताना मात्र अंतर कुठून धरायचं, इथेच बहुतेकांची गफलत होते.

समजा, निरीक्षण नळीत पाणी दीड मीटरवर दिसतंय. पण ऊस पाणी ओढतो ते मुळांच्या तळापासून. मुळं 60 सेंटिमीटरपर्यंत असतील तर पाण्याला चढायचं अंतर उरतं 90. गार्डनर यांनी 1958 मध्ये मांडलेलं सूत्र चिकणमातीसाठी साधारण असं होतं:

```
q = 2.46 × a / d²
```

q म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त किती सेंटिमीटर पाणी वर चढू शकतं, d म्हणजे अंतर सेंटिमीटरमध्ये, आणि a हा मातीचा स्थिरांक. आपल्या उदाहरणात a = 650 धरू. 90 घातलं की रोज 2 मिलिमीटर येतात. चुकून जमिनीच्या पृष्ठापासून 150 घातलं, तर 0.7. म्हणजे अंदाज जवळपास तिपटीने कमी!

आता हे 2 मिलिमीटर रोजचे नव्हेत. पाण्याची पाळी दिली की काही दिवस ओल खालीच उतरते. म्हणून 60 आणि 90 सेंटिमीटरवर मातीतल्या पाण्याचा ताण मोजणारा एकेक टेन्शिओमीटर लावा. वरच्याचा ताण खालच्यापेक्षा 3 सेंटीबारहून जास्त असेल तरच प्रवाह वर चाललाय. तसे दिवस मोजा. ताण 80 सेंटीबारच्या आसपास गेला की टेन्शिओमीटरच्या नळीत हवा शिरते आणि वाचन भरवशाचं राहत नाही.

शंभर दिवसांत असे 50 दिवस मिळाले, तर 100 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 1000 घनमीटर पाणी वर आलं. त्याची विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटर असेल तर लिटरला सुमारे 2.56 ग्रॅम क्षार, म्हणजे हेक्टरी अडीच टन. 60 सेंटिमीटर मातीत ते सारखे पसरले, घनता 1.3 आणि संपृक्ततेला 65 टक्के पाणी धरलं, तर संपृक्त अर्काची वाहकता 0.8 ने वाढते. उसाची सहनमर्यादा 1.7 आहे, म्हणजे एका उन्हाळ्यात जवळपास निम्मी वाट संपली. प्रत्यक्षात क्षार सारखे पसरत नाहीत, मुळांच्या खालच्या भागात जास्त साचतात.

सूत्राला भेगा दिसत नाहीत. उन्हाळ्यात फाटलेल्या काळ्या मातीत भेगांच्या भिंतींवरूनही बाष्पीभवन होतं, त्यामुळे पडताळणी करावीच लागते, आणि ती क्लोराइडवर करा. फेब्रुवारीत आणि मेअखेर त्याच जागेचे 60 सेंटिमीटरपर्यंतचे थरवार नमुने घ्या, क्लोराइडच्या वाढीतून सिंचनाच्या पाण्याने आणलेला वाटा वजा करा, आणि उरलेल्याला भूजलातल्या क्लोराइडने भागा, म्हणजे वर चढलेलं पाणी मिळेल. पाळीने काही क्लोराइड खाली धुऊन नेलं असेल, तर हा आकडा किमान समजा. वाहकतेवरून हा हिशेब करू नका, कारण जिप्सम आणि चुना मातीतच बसतात आणि चढलेलं पाणी खऱ्यापेक्षा कमी दिसतं.