‘ॲज पर माय लास्ट मेल’

आज मी एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे: ‘ॲज पर माय लास्ट मेल’. शब्द साधेच आहेत, आधी लिहिल्याप्रमाणे. पण ऑफिसात ते वाचणाऱ्याला ऐकू येतं, ‘तुम्हाला वाचता येत नाही का?’

मी लेखा विभागात होते तेव्हाची गोष्ट. महिनाअखेर होती. एका पुरवठादाराचं बिल अडकलं होतं, कारण माल मिळाल्याची नोंद सिस्टिममध्ये नव्हती. खरेदी विभागातल्या सहकाऱ्यांना मी दोन मेल केले, उत्तर नाही. तिसऱ्यात लिहिलं, ‘ॲज पर माय लास्ट मेल, होप यू गॉट टाइम टू रीड इट.’ आणि सीसीमध्ये त्यांच्या साहेबांना घातलं.

खरं कारण नंतर कळलं. २०० पैकी १२ नग तपासणीत नापास झाले होते आणि गुणवत्ता विभागाचा अहवाल यायचा होता. नोंद करणं त्यांच्या हातातच नव्हतं.

बिल चार दिवसांत सुटलं, पण त्यांचे फोन बंद झाले. आधी बिलात आकडा चुकला की ते लगेच फोन करून सांगायचे, दोन मिनिटांत काम व्हायचं. आता प्रत्येक गोष्ट मेलवर, सीसीत दोन्ही साहेब, आणि दोन दिवस उलटलेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

याच सहकाऱ्यांनी पूर्वी मला लिहिलं होतं, ‘आपल्या प्रिंटरने आज पुन्हा उपोषण धरलंय.’ तेही तिरकसच, पण रोख प्रिंटरवर होता आणि त्याच्यापुढे आम्ही दोघेही ताटकळत होतो. माझ्या वाक्याचा रोख माणसावर होता, त्यांच्या साहेबांच्या देखत. शिवाय कोणी विचारलं असतं तर ‘मी फक्त आठवण करून दिली’ म्हणायची सोय मी ठेवली होती. टोमणा ओळखायची माझी खूण हीच: वाक्य गाळलं तर माहिती काही कमी होते का? ‘होप यू गॉट टाइम’ गाळा, काहीच कमी होत नाही.

गंमत म्हणून लिहिलेलंही समोर तसंच पोचेल याची खात्री नसते. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे पाठवायची आणि समोरच्याने ओळखायचं. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, ७८ टक्के वेळा बरोबर ओळखतील. आवाज ऐकून ७३ टक्के जमलं, ईमेल वाचून ५६. नाणं उडवूनही ५० टक्के जमलंच असतं. लिहिताना आपला सूर आपल्या कानात घुमत असतो, मेलबरोबर तो जात नाही. म्हणून प्रिंटरचं उपोषणही मी नव्याने रुजू झालेल्याला लिहीत नाही.

तो तिसरा मेल आज लिहायचा असता तर, सीसीशिवाय: ‘बिल माल-नोंदीसाठी थांबलंय. नोंद कुठे अडली आहे? गुरुवारपर्यंत झाली नाही तर मी पुरवठादाराला पुढच्या महिन्याची तारीख कळवते.’ आणि खरं तर त्याच्याही आधी मी फोन उचलला असता.