कोर्स तिसऱ्या आठवड्यात सुटतो, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

ऑनलाइन कोर्सला नाव घालायला दोन मिनिटं लागतात. सोडायला तेवढीही लागत नाहीत, कारण सोडताना कुणाला काही सांगावंच लागत नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन संस्थांच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशेब २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या दर शंभर जणांपैकी जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हाच आकडा शंभरात ४६ होता. आता पैसे भरणारा माणूस मुळातच कोर्स पुरा करायला जास्त उत्सुक असतो, तेव्हा सगळं श्रेय पैशाला द्यायचं कारण नाही. पण पैसे भरले की आपण स्वतःला बांधून घेतो, हेही खोटं नाही.

आपल्याकडे अनेक जण ज्या वाटेनं जातात, तीच आज घेऊ: स्वयम् या सरकारी व्यासपीठावरचा, आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाचा आठ आठवड्यांचा कोर्स. माझी एक मैत्रीण पतसंस्थेत कारकून आहे, तिनं असाच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कोर्स केला. शिकणं फुकट, परीक्षेची फी हजार रुपयांच्या घरात. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ, त्यावर एक स्वाध्याय. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायची. फी भरायची मुदत कोर्स सुरू झाल्यावरही काही आठवडे असते, आणि बहुतेकांना वाटतं, जमतंय का बघू, मग भरू. मैत्रिणीनं पहिल्याच आठवड्यात भरली आणि परीक्षेच्या दिवसाची रजाही तेव्हाच टाकली. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला म्हणजे शाखेत सगळ्यांना कळलं. माझ्या मते हजार रुपयांपेक्षा त्या अर्जाचं वजन जास्त होतं. पैसे गेले तर आपल्यालाच कळतं. परीक्षा झाली का, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चार जण विचारतात.

नुसतं वेळापत्रक कागदावर मांडून भागतं का? यावरही मोठा अभ्यास झालेला आहे. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीचशे कोर्स आणि अडीच लाखांहून जास्त विद्यार्थी त्यात होते. कधी, कुठे अभ्यास करणार, हे सुरुवातीला लिहून काढायला सांगितलेले लोक पहिले काही आठवडे जास्त टिकले. पण कोर्स पुरा करणाऱ्यांचा आकडा काही त्यानं वाढला नाही. याचा मी लावलेला अर्थ असा, की पहिल्या दिवशी केलेलं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात शिळं होतं. ते दर रविवारी, पुढच्या सात दिवसांपुरतं, नव्यानं लिहावं लागतं. जुलैच्या सत्रात मध्येच गणपती येतात. ज्या घरी गौरी बसतात, तिथे त्या आठवड्यात अडीच तास निघणार नाहीत, हे आधीच धरून चालावं.

स्वाध्यायाची मुदत बहुधा बुधवारी रात्री बारापर्यंत असते. मैत्रिणीची स्वतःची मुदत सोमवारी रात्रीची होती. मधला मंगळवार अडलेल्या प्रश्नांसाठी राखलेला. आधी सगळे व्हिडिओ, मग स्वाध्याय, असंही ती करत नसे. प्रश्न आधी वाचायची आणि उत्तर सापडेना, तेव्हा नेमका तो व्हिडिओ लावायची. दुप्पट वेगानं व्हिडिओ पळवून 'झालं बघून' म्हणणाऱ्यांपेक्षा ही रीत मला बरी वाटते; समजलं की नाही, ते तिथल्या तिथे उघडं पडतं.

तरीही एखादा आठवडा हातातून जातोच, आणि कोर्स सुटतो तो इथेच. तिसरा आठवडा राहतो. चौथ्यात वाटतं, आधी तिसरा भरून काढू. तो भरून निघेपर्यंत चौथ्याची मुदत टळते, आणि मग लॉगिन करायचंच नकोसं होतं. खरं तर गुणांचा नियम इतका कडक नाही. आठ स्वाध्यायांपैकी सर्वांत चांगले सहा धरतात. त्यांची सरासरी २५ गुणांत बसवतात, उरलेले ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही मिळायला हवेत. म्हणजे दोन आठवडे पूर्ण बुडाले आणि उरलेल्या सहांत सरासरी ८० टक्के असली, तर २५ पैकी २० गुण तुमचे होतातच, एकही गुण कमी न होता. म्हणून मागे पडलात तर आधी चालू आठवड्याचा स्वाध्याय द्या, कारण मुदत त्याची उरली आहे. राहिलेला भाग नंतर बघा, पण बघा नक्की. परीक्षेत तो येतो. स्वाध्यायांची उत्तरं इकडून तिकडून मिळवून देणाऱ्यांचे २५ पैकी २३ होतात आणि ७५ मधले ३० होता होत नाहीत, ते याच कारणानं.

राहिला शेवटचा छोटा प्रकल्प. तो या कोर्समध्ये सक्तीचा नव्हता; मैत्रिणीनं स्वतःच ठरवला होता, आणि तोही पहिल्या आठवड्यात. शेवटी ठरवला की तो भलताच मोठा होतो. 'पतसंस्थेचं ॲप करीन' असा प्रकल्प कधीच होत नाही. तिचा एका वाक्यात मावत होता: महिन्याच्या पिग्मी वसुलीची एक फाईल घ्यायची आणि ज्या खात्यांत सलग सात दिवस भरणा नाही, त्यांची यादी काढायची. फाईल एक, यादी एक, आणि ती बघणारा माणूस एक, शाखा व्यवस्थापक. त्यांना तिनं तारीखही देऊन टाकली, परीक्षेच्या आधीचा शनिवार. खातेदारांची नावं तिनं आधीच काढून टाकली होती आणि खाते क्रमांक बदलले होते. सरावासाठी खरा डेटा घरी नेणं बरोबर नाही, आणि अशा कामाला व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यायलाच हवी.

याचा फायदा असा झाला, की प्रत्येक आठवड्याच्या धड्याला काम मिळालं. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची रीत, शिकली तेव्हा वहीवरच्या दहा खात्यांवर चालवून बघितला. डिक्शनरी, म्हणजे एका नोंदीपुढे दुसरी जोडून ठेवायची सोय, आली तेव्हा खाते क्रमांकापुढे शेवटच्या भरण्याची तारीख ठेवली. फाईल वाचायचा धडा आल्यावर नावं काढलेली पूर्ण महिन्याची फाईल घातली. आलेख काढायचा मोह झाला होता, पण वाक्यात नव्हता म्हणून सोडला.

शनिवारी यादी व्यवस्थापकांपुढे गेली आणि त्यांनी लगेच एका ठिकाणी बोट ठेवलं. एकाच एजंटाची चाळीसच्या वर खाती ओळीनं लागली होती. इतक्या लोकांनी एकदम पैसे भरणं थांबवलं? तसं काही नव्हतं. एजंट गावच्या जत्रेला आठवडाभर रजेवर होता आणि त्याच्या वसुलीच्या सगळ्याच नोंदी कोऱ्या होत्या. प्रोग्रॅमला खातेदार थांबलाय की एजंट, हे कळत नव्हतं. मैत्रिणीनं एक अट वाढवली: ज्या दिवशी एजंटाची एकही वसुली नाही, तो दिवस मोजायचा नाही. रविवारी वसुलीच नसते, तो प्रश्नही त्याच अटीत सुटला. दुसऱ्यांदा काढलेल्या यादीत सहा खाती उरली, आणि मूळ नोंदींशी ताडून त्यातल्या दोघांच्या दुकानांवर व्यवस्थापक स्वतः जाऊन आले.