जुनं म्हणजे जड नव्हे

मंडळी, माझ्या मावशीच्या फोनची गोष्ट सांगतो. तिला ई-मेल येणं अचानक बंद झालं. गूगलच्या एका खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटून घ्यावी लागते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात धरत नसत. 2024पासून तो धरला जातो. जागा संपली की मेल येतही नाही, जातही नाही.

मावशीचा बॅकअप 9 जीबीचा होता. तिनं ठरवलं, सगळ्यात जुनं चॅट आधी पुसायचं. ते काकांचं होतं. काका आता नाहीत. मी तिला म्हटलं, थांब, आधी वजन बघू.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये Storage and data, त्यात Manage storage उघडलं. तिथे चॅट्स आकारानं लावलेली दिसतात, सगळ्यात जड वर. वर भजनी मंडळाचा ग्रुप होता, जवळजवळ 6 जीबी, सगळे व्हिडिओ. काकांचं चॅट पार खाली. नुसता मजकूर फार हलका असतो हो! वर्षानुवर्षांच्या गप्पांपेक्षा एक लांबलचक व्हिडिओ जास्त जागा खातो. त्याच पानावर Larger than 5 MB असा वेगळा कप्पा असतो. आम्ही तिथून सुरुवात केली. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ आधी संगणकावर उतरवला, बाकीचे निवडून पुसले.

एक फरक नीट लक्षात घ्या. चॅट अर्काइव्ह केलं तर ते फक्त नजरेआड जातं, जागा सुटत नाही. Clear chat केलं तर मजकूर, फोटो, आवाजाचे निरोप, सगळं जातं. तिथे तारांकित संदेशही पुसायचे का, असं विचारतात. त्या खुणेकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. काकांच्या आवाजातले निरोप मावशीनं आधीच तारांकित केले. शिवाय ते चॅट Export chat वापरून बाहेर काढून ठेवलं. मात्र फार मोठं चॅट असेल, तर एक्स्पोर्टमध्ये शेवटचेच काही हजार संदेश येतात. फाइल उघडून पहिली तारीख तपासा.

आता सगळ्यात नाजूक पायरी. फोनमध्ये पुसलं म्हणून ड्राइव्हवरची जागा लगेच सुटत नाही, नवा बॅकअप घ्यावा लागतो. आणि नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. चुकून काही पुसलं गेलं असेल, तर ते ड्राइव्हवरून परत मिळण्याची वाट तिथेच बंद होते. म्हणून आम्ही स्वयंचलित बॅकअप थांबवला, दोन दिवस मावशीला चॅट्स चाळू दिली आणि मग Back up दाबलं.

बॅकअपच्या सेटिंगमधलं Include videos बंद केलं असतं तर हे दोन मिनिटांत झालं असतं. पण मग फोन हरवला की राहिलेले व्हिडिओही गेले.

बॅकअप 3 जीबीवर आला. संध्याकाळी मावशीचा मला मेल आला.