दिग्दर्शकाचं नाव आधी की नंतर?

(फिल्म शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून तालमीत अबोला धरलेली माणसं मी पाहिली आहेत. फिल्मच्या श्रेयनामावलीतही हाच मानपान असतो, फक्त तिथे वर-खालीऐवजी आधी-नंतर बघायचं. फिल्मला चिकटलेली जागा मानाची. नावं सुरुवातीला येत असतील तर दिग्दर्शक सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या नावानंतर लगेच पहिलं दृश्य येतं. तीच नावं शेवटी नेली की क्रम उलटतो. शेवटचं दृश्य संपलं की पहिलं नाव दिग्दर्शकाचं, मग लेखक, निर्माता, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असं पुढे. विद्यार्थी मात्र सुरुवातीचा क्रम उचलून तसाच शेवटी चिकटवतात आणि दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंत लोक चपला शोधत असतात.

मध्यंतरी एक गट ११ मिनिटांची फिल्म घेऊन माझ्याकडे आला. पेडण्याकडच्या एका दशावतारी नटाची गोष्ट. नट रंगायला बसतो तो पहिला शॉट सुंदर होता, पण त्याआधी ४८ सेकंद नुसती कार्डं. संस्थेचं चिन्ह, 'सादर करीत आहे', दोघातिघांची नावं, मग आभार. मोठ्या सिनेमात सुरुवातीला आभाराच्या पाट्या असतात, म्हणून यांनीही लावल्या. मी संस्थेचं चिन्ह आणि फिल्मचं नाव एवढंच पुढे ठेवलं, बाकी सगळं मागे नेलं. दिग्दर्शन, लेखन आणि संकलन एकाच मुलीनं केलं होतं आणि तिचं नाव तीन कार्डांवर होतं. ते एका कार्डावर आणलं. एकच नाव लागोपाठ तीनदा आलं की लोक हसतात.

मुख्य कार्डांनंतर सरकती यादी, म्हणजे रोल. त्यात आधी कलाकार, मग विभागवार मंडळी, मग संगीताचा तपशील, मग आभार आणि अगदी शेवटी स्वामित्वहक्काची ओळ. ती लिहिण्याआधी संस्थेचे नियम वाचा. हक्क बऱ्याचदा संस्थेकडे असतो आणि मुलं बिनधास्त स्वतःचं नाव घालतात. कलाकार भूमिकेच्या आकारानं लावा किंवा पडद्यावर येण्याच्या क्रमानं, पण दोन्हींची भेसळ नको.

सगळ्यात जास्त घोळ आभारात. या गटाच्या यादीत ३४ आभार होते आणि त्यांत एकीची आई होती. विचारलं तर कळलं, माऊलीनं चार दिवस युनिटला जेवू घातलं होतं. मग ते आभार कसे? ती 'भोजनव्यवस्था', तिची जागा निर्मिती विभागात. काम केलं त्याला श्रेय. घर, गाडी, परवानगी, वेळ दिला त्याला आभार. देवळाच्या समितीनं परवानगीपत्रात आपलं नाव जसं लिहिलंय, अगदी तसंच घ्या. इंटरनेटवरून क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेतलं असेल तर रचनेचं नाव, संगीतकार आणि परवान्याचा प्रकार संगीतात द्या. श्रेय देण्याची अट असलेल्या परवान्यात नुसतं 'आभार' पुरत नाही.

आणि नावांचं स्पेलिंग. आपल्या गोव्यात नाईक कुणी Naik लिहितो, कुणी Naique. कामत Kamat असतील किंवा जुन्या कागदांवर Camotim. व्हॉट्सअॅपवरून नाव उचलू नका. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी कागद फिरवा आणि ज्याच्या त्याच्याकडून नाव लिहून सही घ्या. एकदा माझ्या हातून एका ध्वनिमुद्रकाचं आडनाव चुकलं, तो अजून आठवण करून देतो.

आता रोलचा वेग. त्यांची यादी रिकाम्या जागा धरून ११८ ओळींची होती, दर ओळीला ६० पिक्सेल. म्हणजे ७०८० पिक्सेल, त्यात पडद्याची उंची १०८० मिळवली की ८१६०. हे त्यांनी ९० सेकंदांत कोंबलं होतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २१६० फ्रेम. दर फ्रेमला जवळजवळ पावणेचार पिक्सेल. हा आकडा पूर्णांक नाही, म्हणून अक्षरं थरथरत होती. मोठ्या पडद्यावर, विशेषतः अक्षरांच्या आडव्या कडांवर आणि देवनागरीच्या शिरोरेषेवर, ते लगेच दिसतं. म्हणून आधी वेग ठरवायचा आणि वेळ त्यातून काढायचा. आम्ही फ्रेमला ३ पिक्सेल धरले, म्हणजे सेकंदाला ७२. पण तशा वेगानं मूळ यादी ११३ सेकंद चालली असती आणि ११ मिनिटांच्या फिल्मला ते फार झालं. ३४ आभारांतले खरे १२ निघाले, दुहेरी नावं गेली, किरकोळ कामं दोन रकान्यांत बसली. ७० ओळी उरल्या: ४२०० अधिक १०८०, भागिले ७२, म्हणजे ७३ सेकंद.

निर्यात करून आम्ही ती लॅपटॉपवर न बघता वर्गातल्या प्रोजेक्टरवर, शेवटच्या बाकावरून पाहिली. आईच्या नावाशी पोरीनं शिट्टी घातली.