हळदीचा अर्क, एसीटोन आणि फिल्टरची पांढरी चकती

(वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्या भागात एचपीएलसीवर काय चालतं? वायगावची हळद. कर्क्युमिन किती टक्के, यावर मालाचा भाव ठरतो, म्हणून आज तिचंच उदाहरण घेऊ.

पूड एसीटोनमध्ये हलवली, अर्क पिवळाधमक झाला. आता गाळायचा. ड्रॉवरमध्ये जे पाकीट हाती लागलं त्यातला सिरिंज फिल्टर लावला, आणि तो निघाला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा. पाण्यातल्या नमुन्यांसाठी हे मेम्ब्रेन चांगलं असतं, पण एसीटोनमध्ये ते चक्क विरघळतं. दाबताना सुरुवातीला थोडा जोर लागतो, मग एकदम हात हलका होतो. पोरांना वाटतं, वा, छान गाळलं! प्रत्यक्षात चकतीच फाटून विरघळलेली असते आणि व्हायलमध्ये हळदीबरोबर प्लास्टिकही उतरलेलं असतं.

गंमत अशी की क्रोमॅटोग्राम स्वच्छ दिसतो. कर्क्युमिन आपण 425 नॅनोमीटरला बघतो आणि त्या तरंगलांबीला सेल्युलोज अ‍ॅसिटेट दिसतच नाही. पण मोबाइल फेजमध्ये निम्मं पाणी असतं. त्या पाण्याची गाठ पडली की विरघळलेलं पॉलिमर पुन्हा घट्ट होऊन बाहेर पडतं, इंजेक्टरमध्ये किंवा कॉलमच्या तोंडाशी. म्हणून पीककडे नाही, प्रेशरकडे बघा. दर इंजेक्शनला ते थोडं थोडं चढत असेल, तर आधी फिल्टरवर संशय घ्या.

याची तपासणी सोपी आहे. फिल्टरमधून नुसतं एसीटोन, 5 मिली, सोडा आणि त्यात तेवढंच पाणी घाला. पांढुरकी धूसरता आली तर मेम्ब्रेन विरघळतंय. ही चाचणी अर्कावर करू नका. पाणी घातल्यावर कर्क्युमिन स्वतःच गढूळ होतं.

तर मग नायलॉन घ्या, असं कोणीही सांगेल. एसीटोन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल यांत नायलॉन टिकतं, स्वस्तही आहे. पण हळदीला ते नको. कर्क्युमिनमध्ये फिनॉलचे गट आहेत, नायलॉनच्या साखळीत अमाइडचे. दोघांत हायड्रोजन बंध जुळतात. नायलॉनच्या साडीवर हळदीचा डाग कसा बसतो ते घरी विचारा, तीच गोष्ट इथे घडते. अर्क जितका पाणीदार, तितकं चिकटणं जास्त.

याचा हिशेब मांडू. 0.1 ग्रॅम पूड 50 मिलीत काढली आणि त्यात 5 टक्के कर्क्युमिन धरलं, तर द्रावण मिलीला 100 मायक्रोग्रॅमचं झालं. समजा चकतीने 5 मायक्रोग्रॅम धरून ठेवले. पहिल्या मिलीत 5 टक्के घट आली. पण तेच द्रावण आधी दहापट पातळ केलं आणि मग गाळलं, तर मिलीत 10 मायक्रोग्रॅमच होते, त्यातले निम्मे गेले! शेतकऱ्याची हळद चांगली असून आकडा कमी येतो. म्हणून आधी गाळा, मग पातळ करा.

या कामाला माझी पसंती हायड्रोफिलिक पीटीएफईला. एसीटोनला ते दाद देत नाही आणि पाणीमिश्रित द्रावणही सोडतं. साधं, म्हणजे हायड्रोफोबिक पीटीएफई शुद्ध एसीटोन किंवा मिथेनॉलला उत्तम, पण बरंच पाणी मिसळलेलं द्रावण अडवून धरतं. जोर लावला की फिल्टर सिरिंजपासून निसटतो आणि पिवळा फवारा थेट अ‍ॅप्रनवर. मिथेनॉलने आधी ओलं केलं तर चालतं, पण मे महिन्यात इथे ते बघता बघता वाळतं आणि पुन्हा अडतं.

निवडलेला फिल्टर कर्क्युमिन खातो की नाही, हे मात्र मोजूनच ठरवा. नमुन्यात जेवढं कर्क्युमिन अपेक्षित आहे तेवढ्याच तीव्रतेचं, त्याच द्रावकातलं स्टँडर्ड घ्या. एक व्हायल न गाळता भरा. मग गाळताना पहिली 1 मिली, दुसरी आणि तिसरी वेगवेगळ्या व्हायलमध्ये धरा आणि एरियाची तुलना करा. दुसरी मिली न गाळलेल्याच्या 98 ते 102 टक्क्यांत असेल, तर पहिली टाकून दुसरी घ्यायची, हा नियम वहीत लिहून ठेवा. तिसरीपर्यंतही आकडा खालीच राहिला, तर मेम्ब्रेन बदला. ही तुलना गाळलेल्या नमुन्यांची आपापसांत करून उपयोग नाही, कारण सगळेच सारखे कमी येतील.

छिद्राचं थोडक्यात: 5 किंवा 3 मायक्रॉनच्या कॉलमला 0.45 मायक्रॉन पुरतं, 2 मायक्रॉनच्या खालच्या कॉलमला 0.2 लागतं.

आणि सिरिंज. मेडिकल दुकानातल्या सिरिंजच्या दट्ट्याला काळं रबर असतं. एसीटोनमध्ये ते फुगतं, अडकतं आणि त्यातले पदार्थ द्रावणात उतरतात. 425 ला तेही दिसणार नाहीत, पण पुढे तोच नमुना कोणी 254 ला बघितला तर अनोळखी पीक उभे राहतील आणि दोष बिचाऱ्या फिल्टरवर जाईल. काचेची सिरिंज वापरा, नाहीतर बिनरबराची.