सांध्यातली रिंग

नमस्कार श्रोतेहो. घराचं बांधकाम ज्यांनी केलंय किंवा शेजारचं चाललेलं पाहिलंय, त्यांना रिंग ठाऊक असते. कॉलमच्या आणि बीमच्या उभ्या-आडव्या सळ्यांभोवती गुंडाळलेली ती चौकोनी सळई. आणि बारकाईनं पाहिलं असेल, तर हेही दिसलं असेल की बीमच्या मधल्या भागात रिंगा विरळ असतात आणि कॉलमजवळ आल्या की दाट होतात. कॉलममध्येही तसंच. मजल्याच्या मध्यावर विरळ, खाली-वर बीमपाशी दाट. आज मी या दाट रिंगांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही अशा एका जागेबद्दल, जिथं त्या हमखास राहून जातात. ती जागा म्हणजे सांधा. बीम आणि कॉलम जिथं एकमेकांत शिरतात, तो ठोकळा.

आधी दाट का, ते सांगतो. रोजच्या वजनानं बीम मध्यावर खाली वाकतो. भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. पाया एकीकडे जातो, वरचे मजले मागे राहतात, आणि पुढच्याच क्षणी उलट. या झोक्यांत बीम आणि कॉलम सर्वांत जास्त वाकतात ते टोकांना, म्हणजे सांध्याच्या अगदी लगत. तिथं काँक्रीटला तडे जातात, बाहेरचा थर, ज्याला आपण कव्हर म्हणतो, तो गळून पडतो. आता आतल्या काँक्रीटला धरून कोण ठेवणार? रिंग. उभी सळई बाहेर फुगून वाकायला लागते, तिला कोण रोखणार? तीच रिंग. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या एकावर एक रचलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. कांदा सुटा असतो, तरी गोणी भार घेते, कारण तागाचं कापड त्याला पसरू देत नाही. शिवण उसवली की थप्पी बसते. तडकलेल्या काँक्रीटचंही तसंच असतं.

रिंगांमधलं अंतर किती, हे आयएस १३९२० या मानकात दिलंय. नाशिक हे आयएस १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत तिसऱ्या भूकंप विभागात आहे, आणि तिसऱ्या विभागापासून वर हे नियम लागू होतात. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आपल्याकडे कुठं भूकंप होतो’ हे वाक्य मी गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ऐकलंय. २००१ च्या २६ जानेवारीला धक्का कच्छमध्ये होता. इमारती पडल्या दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत. त्यातल्या कितीतरी खाली पार्किंग सोडून कॉलमवर उभ्या केलेल्या होत्या. आपल्या गल्लीतल्या निम्म्या इमारती तशाच आहेत. आणि आता नवी तऱ्हा निघालीय, वास्तुशास्त्राच्या सल्ल्यानं एखादा कॉलम खालच्या मजल्यावर गाळायचा आणि वर चालू ठेवायचा. माझं स्पष्ट मत आहे, कुणाच्याही सांगण्यावरून कॉलम हलवू नये. खोली हलवा, जिना हलवा, देवघर हलवा, पण कॉलम जमिनीपर्यंत सरळ जाऊ द्या. असो.

आता एक घर सांगतो. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात तळमजला आणि वर दोन मजले असं घर बांधत होते. बारा कॉलम, प्रत्येक ३०० बाय ४५० मिलिमीटर, म्हणजे बारा बाय अठरा इंच. कॉलमच्या सळ्या १६ मिलिमीटरच्या. बीम ४५० मिलिमीटर खोल, त्यांत १२ च्या सळ्या. पहिल्या मजल्याचा स्लॅब सकाळी पडणार होता, मी आदल्या संध्याकाळी तपासायला गेलो.

सेंटरिंगवर चढलो. बीम बघितले. पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून पन्नास मिलिमीटरच्या आत, त्यापुढं नव्वद-नव्वदवर. बरोबर. बीमच्या खोलीच्या दुपटीइतक्या लांबीत ती दाटी होती, तेही बरोबर. हुक सगळे १३५ अंशांत आत वळवलेले. हुकाबद्दल थांबून सांगतो. काटकोनात वळवलेला हुक कव्हरमध्ये राहतो. कव्हर गळालं की तो उघडतो, आणि रिंग असून नसल्यासारखी. १३५ अंशांचा हुक आतल्या काँक्रीटमध्ये रुततो, आणि वळणापुढं त्याची निदान ६५ मिलिमीटर शेपटी लागते. त्या फिटरनं ते चोख केलं होतं. जालन्याकडचा, हाताचा फार चांगला माणूस.

मग मोबाइलचा टॉर्च लावून कोपऱ्यातल्या कॉलमच्या सांध्यात बघितलं. बीमच्या खालच्या सळीपासून वरच्या सळीपर्यंत कॉलमच्या सळ्या उघड्या. एकही रिंग नाही. दुसरा कॉलम बघितला, तिसरा बघितला. तेच.

फिटर म्हणाला, “साहेब, पिंजरा वर बांधला अन् खाली सोडला. आता मधी रिंग जाईल कशी? बीमच्या सळ्या आडव्या येतात.” खोटं बोलत नव्हता. पुष्कळ ठिकाणी काम असंच होतं, बीमचा पिंजरा स्लॅबच्या वर बांधायचा आणि साच्यात उतरवायचा. एकदा उतरला की सांध्याचं दार बंद.

आबा म्हणाले, “साहेब, चारी बाजूंनी इतकं लोखंड आहे. मधल्या वीतभर जागेनं काय होतंय?” बाहेर बायजा, म्हणजे आबांच्या घरच्या, उभ्या होत्या. हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, “मी म्हणतच होते. ताडपत्रीखाली रिंगांचा ढीग उरलाय, त्या उरल्या कशा? लोखंड तर यादीप्रमाणंच कापलं होतं.” आम्ही खाली जाऊन मोजल्या. साठ रिंगा. बारा कॉलम, प्रत्येक सांध्यात पाच. नेमक्या राहिलेल्या तेवढ्याच. श्रोतेहो, बांधकामावर तयार रिंगांचा ढीग उरला, तर विचारा की त्या कुठल्या. पुन्हा सांगतो, उरलेल्या रिंगा कुठल्या ते विचारा.

पाचच का, त्याचा हिशेब आबांना तिथंच सांगितला. कॉलमची लहान बाजू ३००, तिचा पाव भाग ७५. उभी सळई १६ ची, तिची सहापट ९६. आणि वरची मर्यादा १००. या तिघांत जे सर्वांत लहान, ते अंतर. म्हणजे ७५ मिलिमीटर, तीन इंच. ४५० खोलीच्या सांध्यात वरच्या-खालच्या सळ्यांची जागा सोडली की तीन-तीन इंचांवर पाच रिंगा बसतात. हीच दाटी सांध्याच्या खाली आणि वर दीड-दीड फूट कॉलममध्ये. चारी बाजूंनी पुरेसे रुंद बीम येत असतील तर सांध्यात थोडी सूट मिळते, अंतर १५० पर्यंत चालतं. आबांच्या घरी २३० चे बीम कॉलमच्या ४५० च्या बाजूला तेवढे रुंद पडत नव्हते, आणि कोपऱ्यात तर दोनच बीम. सूट नाही.

आणि त्या वीतभर जागेनं काय होतं? इमारत डावीकडं झुकते तेव्हा सांध्याच्या एका बाजूचा बीम वरच्या सळ्या ओढतो, समोरच्या बाजूचा त्याच सळ्या आत ढकलतो. खालच्या सळ्यांचं याच्या उलट. चौकोनी ठोकळा तिरपा ताणला जातो आणि कर्णाच्या दिशेनं तडा जातो. झुकाव उलटला की दुसऱ्या कर्णावर. फुलीसारखे तडे पडतात. रिंग नसेल तर त्या फुलीतून काँक्रीटचे तुकडे निघून येतात, आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन घेणारा कॉलम नेमका तिथं पोकळ होतो. बीम मोडला तर एक खोली जाते. सांधा मोडला तर कॉलम जातो.

फिटरनं मार्ग सुचवला, रिंगांचे हुक उघडून त्या बाजूनं घालू, मग पुन्हा वळवू. मी नाही म्हटलं. वळलेली सळई उघडून परत वळवली की वळणावर तिचा जीव जातो, आणि त्या दाटीत १३५ अंश कधीच होत नाहीत, हुक अर्धवट राहतो.

शेवटी रेडीमिक्सची गाडी रद्द केली. पिंजरे टेकूवर उचलले, वरच्या सळ्यांच्या गाठी सोडून त्या बाहेर ओढल्या. कॉलमच्या सळ्या वर मोकळ्याच होत्या, तिथून पाच-पाच रिंगा खाली सोडून बीमच्या खालच्या सळ्यांवर रचून ठेवल्या. मग वरच्या सळ्या परत घातल्या, पिंजरा साच्यात उतरवला, आणि रचलेल्या रिंगा एकेक करून तीन-तीन इंचांवर उचलून तारेनं बांधल्या. हा क्रम आधीच पाळला असता तर अर्ध्या दिवसाचंही जादा काम नव्हतं. खालच्या सळ्या, मग रिंगांचा थर, मग वरच्या सळ्या, मग पिंजरा खाली, मग रिंगा वर. दुसऱ्या मजल्याला त्याच फिटरनं कुणी न सांगता असंच केलं.

स्लॅबच्या दिवशी त्या सांध्यांत २५ मिलिमीटरच्या बारीक सुईचा व्हायब्रेटर वापरला. इतक्या दाटीत जाड सुई शिरत नाही, काँक्रीट खाली पोचत नाही, आणि साचा काढल्यावर पोकळी दिसते. रिंग आहे पण काँक्रीट नाही, यानंही काम होत नाही.

आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी पूजा होते, पेढे वाटले जातात, नातेवाईक येतात. यावं, आनंदाची गोष्ट आहे. पण घरमालकानं खरं यायला हवं ते आदल्या संध्याकाळी, टॉर्च घेऊन. कोपऱ्यातला कॉलम निवडा, बीमच्या दोन सळ्यांच्या मध्ये प्रकाश टाका आणि मोजा. प्रत्येक सांध्याचा फोटो काढून ठेवा, कारण काँक्रीट पडल्यावर ते पुन्हा दिसणार नाही. लोक टाइल्सच्या दुकानात चार-चार रविवार घालवतात. त्यातली एक संध्याकाळ इथं द्यावी.

आणि जी घरं आधीच उभी आहेत, त्यांचं काय, असं पत्रांतून बरेचजण विचारतात. तिथं सांधा फोडून बघू नका, फोडण्यानंच तो कमकुवत होईल. जुने नकाशे असतील तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सळ्या-रिंगा कुठं आहेत हे वरून शोधणारी उपकरणं आहेत, पण दाट सळ्यांच्या सांध्यात त्यांनाही सगळं नीट दिसत नाही. कमतरता आढळली तर कॉलमला बाहेरून नवं काँक्रीट आणि रिंगांचं आवरण देता येतं. सांध्यापाशी मात्र तेही अवघड असतं, कारण बीम आडवे येतात आणि नवी रिंग बीमला भोकं पाडूनच पलीकडं न्यावी लागते. नमस्कार.